उन्हाळ्यात वितळणारे बूट

१८३३ साली अमेरिकेत बोस्टनजवळच्या रॉक्सबरी गावात रबराच्या वस्तू बनवणारी एक कंपनी सुरू झाली. तिच्यामागचा कर्ता माणूस एडविन चॅफी हा पेटंट लेदरच्या कारखान्यातला मुकादम. चामड्यावर चकचकीत लेप चढवता चढवता त्याच्या मनात आले, की लेप रबराचाच दिला तर? रबरातून पाणी जात नाही हे तोवर सर्वांना ठाऊक झाले होते. चॅफीने कच्चे रबर टर्पेंटाइनमध्ये विरघळवले, त्यात काजळी कालवली आणि तो काळा लगदा कापडावर पसरून वाळवला. कापड गुळगुळीत झाले, काळेभोर झाले आणि वरून ओतलेले पाणी ओघळून जाऊ लागले. मग त्याचे बूट निघाले, कोट निघाले, टोप्या आणि घोडागाडीची छपरे निघाली. माल हातोहात खपू लागला. रॉक्सबरीचे पाहून आजूबाजूच्या गावांतही रबराच्या कंपन्या उभ्या राहिल्या आणि भांडवल घालायला माणसांची रीघ लागली.

हिवाळ्यात हे बूट लाकडासारखे कडक होत, ते एक वेळ चालले असते. खरा प्रश्न उन्हाळ्याने उभा केला. बोस्टनच्या जुलै-ऑगस्टमधल्या कडक उन्हात बुटांचा आकार जाऊ लागला. घडी घालून ठेवलेल्या कोटाची बाही पाठीला चिकटे, आणि ओढून सोडवायला जावे तर लेप कापडावरून उचकटून येई. शिवाय त्याला घाण सुटे. गिऱ्हाइकांनी माल दुकानदाराच्या अंगावर टाकला, दुकानदारांनी तो कंपनीला परत पाठवला. हजारो डॉलरचा हा परत आलेला माल शेवटी कंपनीला दुर्गंधीमुळे खड्डे खणून पुरावा लागला.

१८३४ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमधल्या याच कंपनीच्या दुकानात एक माणूस शिरला. त्याचे नाव चार्ल्स गुडइयर. लोखंडी सामानाचा धंदा बुडालेला, डोक्यावर कर्ज. त्याने तिथून पाण्यात तरंगण्यासाठी हवा भरायचा रबरी पट्टा विकत घेतला, घरी नेला आणि त्याची हवा भरायची झडप सुधारून पुन्हा दुकानात आणून दाखवली. दुकानातल्या माणसाला झडप पसंत पडली, पण त्याने गुडइयरला बाजूला घेऊन खरी परिस्थिती सांगितली. झडपेचे काय घेऊन बसलात, रबरच टिकत नाही. त्यावर उपाय काढलात तर पैसा मिळेल. गुडइयर रसायनशास्त्र शिकलेला नव्हता. पुढची दहा वर्षे तो या एका प्रश्नाच्या मागे लागला.

त्याच्या प्रयोगांकडे वळण्याआधी, ते बूट वितळत होते म्हणजे नेमके काय होत होते, हे पाहायला हवे. कारण त्या एका शब्दाखाली तीन वेगवेगळ्या गोष्टी दडलेल्या होत्या. गुडइयरला त्या वेगळ्या करता आल्या नाहीत, म्हणूनच त्याची इतकी वर्षे गेली.

रबराचा चीक म्हणजे पाण्यात तरंगणारे रबराचे बारीक थेंब. चीक आटवला किंवा आम्ल घालून गोठवला की पाणी वेगळे होते आणि लवचीक गोळा हाती लागतो. आपल्याकडे सिंधुदुर्गात दोडामार्गच्या बाजूला रबराच्या बागा आहेत. तिथे चीक गोठवून, रुळांतून दाबून त्याच्या जाड चादरी करतात आणि त्या वाळवतात. ते अजून कच्चे रबरच असते. त्याचा प्रत्येक रेणू ही एक लांबलचक साखळी असते. आयसोप्रीन नावाचा पाच कार्बनचा छोटा घटक एकापुढे एक असा दहा-पंधरा हजार वेळा जोडला गेला, की रबराची एक साखळी होते. अशा असंख्य साखळ्या एकमेकींत गुंतून पडलेल्या असतात. पण त्या फक्त गुंतलेल्या असतात, एकमेकींना बांधलेल्या नसतात, आणि सगळी गोम तिथेच आहे.

ताटात वाढलेल्या गरम शेवयांचे एक टोक धरून झटकन ओढले, तर सगळा पुंजका बरोबर येतो. तेच सावकाश ओढले तर एकच शेवई घसरत बाहेर येते. कच्च्या रबराचे तसेच आहे. ताणून लगेच सोडले तर ते आखडते, कारण साखळ्यांना एकमेकींवरून घसरायला वेळ मिळालेला नसतो. पण ताणून तसेच धरून ठेवले, किंवा वजनाखाली दाबून ठेवले, तर साखळ्या हळूहळू सरकून नव्या जागी बसतात. मग सोडले तरी रबर पूर्वीच्या आकारावर येत नाही. उष्णता वाढली की हे घसरणे कित्येक पटींनी सोपे होते. उन्हात ठेवलेल्या काळ्या बुटाचे तापमान भोवतालच्या हवेपेक्षा बरेच वर जाते. तिथे रबर स्वतःच्या वजनानेसुद्धा वाहू लागते, अगदी संथपणे, पण वाहते. ही पहिली गोष्ट.

दुसरी गोष्ट चिकटण्याची. कच्च्या रबराचे दोन ताजे कापलेले पृष्ठभाग एकमेकांवर दाबले, की एका तुकड्यातल्या साखळ्यांची टोके दुसऱ्यात शिरतात. थोड्या वेळाने जोड कुठे होता तेही सांगता येत नाही. कोटाची बाही पाठीला चिकटे ती अशी. तिला बाहेरून कोणी गोंद लावलेला नव्हता; रबर रबराशी सांधले जात होते. उष्णतेने साखळ्यांची हालचाल वाढली की हा सांधा लवकर आणि पक्का होतो.

या दोन्ही गोष्टी निदान अर्ध्या तरी उलटवता येतात. गार केले की वाहणे थांबते, चिकटपणा कमी होतो. हिवाळ्यातला कडकपणाही याच जातीचा: थंडीत साखळ्यांचे काही भाग शिस्तीत ओळीने रचले जातात, स्फटिक बनतात आणि रबर ताठ होते, ऊब मिळाली की स्फटिक मोडतात आणि रबर पुन्हा नरम होते.

तिसरी गोष्ट मात्र न परतणारी आहे. रबराच्या साखळीत दर घटकाला कार्बनचा एक दुहेरी बंध असतो आणि त्याच्या शेजारी हवेतला ऑक्सिजन सहज हल्ला करतो. ऊन आणि उष्णता या हल्ल्याला मदत करतात. ऑक्सिजनने साखळ्या ठिकठिकाणी तोडल्या, की लांब साखळ्यांच्या जागी आखूड तुकडे उरतात. आखूड तुकडे गुंतत नाहीत, सहज घसरतात, आणि रबराचा काकवीसारखा चिकट रस होतो. असे रबर बर्फात ठेवले तरी पुन्हा धड होत नाही. रॉक्सबरीत पुरलेला माल या तिसऱ्या अवस्थेला पोचलेला होता. त्याच्या दुर्गंधीत चिकातल्या प्रथिनांच्या कुजण्याचाही वाटा होता.

इथे एक गमतीची गोष्ट आहे. चॅफीच्या आधीपासून ब्राझीलच्या पारा बंदरातून रबरी बूट अमेरिकेत येत होते. ॲमेझॉनच्या खोऱ्यातले लोक मातीच्या किंवा लाकडाच्या साच्यावर ताज्या चिकाचा थर देत, तो धुरावर वाळवत, त्यावर पुन्हा थर देत. हे बूट जाडजूड आणि ओबडधोबड असत. उन्हाळ्यात तेही नरम पडत, पण रॉक्सबरीच्या बुटांपेक्षा बरेच टिकत. रानातल्या माणसाचा बूट टिकतो आणि कारखान्यातला वितळतो, हे कसे?

उत्तर कारखान्याच्या पद्धतीत आहे. पाराच्या बुटात चीक झाडातून निघाला तसाच, लांब साखळ्या शाबूत ठेवून, थेट साच्यावर वाळला होता. धुरातल्या काही द्रव्यांनी तो कुजण्यापासूनही राखला होता. चॅफीला मात्र रबर वाळलेल्या गोळ्यांच्या रूपात मिळत होते. ते कापडावर पसरायचे तर आधी पातळ करणे भाग, आणि पातळ करण्यासाठी त्याने निवडले टर्पेंटाइन. टर्पेंटाइन हवेत राहिले की त्यात ऑक्सिजनची अशी संयुगे बनतात, की तीच रबराच्या साखळ्या तोडायला पुढे सरसावतात. शिवाय ते पुरते उडूनही जात नाही. थोडे लेपात मुरून राहते आणि लेप कायमचा नरम ठेवते. वरून काजळीचा काळा रंग, म्हणजे ऊन शोषायला उत्तम.

चॅफीला विद्रावकाचा संशय आला होता, हे त्याच्या बाजूने सांगायला हवे. १८३६ मध्ये त्याने वाफेने तापवलेल्या अजस्र रुळांचे यंत्र बांधले. त्यात रबर टर्पेंटाइनशिवाय नुसते दाबून कापडावर बसवता येई. यंत्र इतके प्रचंड होते की कामगार त्याला राक्षस म्हणत. आजच्या टायर कारखान्यातले कॅलेंडर यंत्र हा त्याचाच वंशज. पण रबर मळून, रगडून नरम करायचे म्हणजे साखळ्या ओढून तोडायच्याच. इंग्लंडमध्ये थॉमस हॅनकॉकने १८२० मध्येच रबर रगडण्याचे दातेरी यंत्र बनवले होते आणि कोणाला सुगावा लागू नये म्हणून त्याला ‘पिकल’, म्हणजे लोणचे, असे भलतेच नाव दिले होते. रगडलेले रबर हवा तो आकार घेते, ते याच कारणाने: साखळ्या आखूड झालेल्या असतात. जे रबर साच्यात नीट बसते, तेच उन्हात लवकर वाहते. त्या काळच्या कारखानदारांची ही कोंडी होती, आणि कोणते रबर घेतले, किती स्वच्छ केले, यांनी ती सुटण्यासारखी नव्हती.

ब्रिटनमध्ये मात्र रबर जरा बरे चालले होते. ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉशने १८२३ मध्ये रबर डांबरापासून मिळणाऱ्या नॅफ्थ्यात विरघळवून ते दोन कापडांच्या मध्ये घालण्याचे पेटंट घेतले. चिकट थर दोन्ही बाजूंनी झाकलेला असल्याने कोट निदान एकमेकांना चिकटत नसत. त्यात तिथला उन्हाळा सौम्य. बोस्टनच्या हवेत तोच कोट फार दिवस तगला नसता.

आता गुडइयर. त्याचा पहिला विचार साधा होता: रबर चिकट आहे, तर त्यात कोरडी पूड मिसळून चिकटपणा शोषून घ्यावा. त्याने रबरात मॅग्नेशिया मळला. पांढरे, कोरडे, छान दिसणारे रबर तयार झाले. हिवाळ्यात त्याचे बूट बनवले, उन्हाळ्यात ते बसले. मग चुनकळीच्या पाण्यात उकळून पाहिले. पृष्ठभाग कोरडा झाला, पण आंबट फळाच्या रसाचा थेंब पडला तरी तो डाग पुन्हा चिकट होई. पुढे एकदा रबरावर दिलेला ब्राँझचा मुलामा काढण्यासाठी त्याने त्यावर नायट्रिक आम्ल ओतले. तो तुकडा काळा पडला म्हणून फेकून दिला, मग पुन्हा उचलून पाहिला, तर वरचा भाग एकदम कोरडा! गुडइयरला वाटले, सुटला प्रश्न. या आम्लाच्या पद्धतीवर त्याने सरकारकडून १५० टपालाच्या पिशव्यांचे काम मिळवले. पिशव्या देखण्या झाल्या. त्या उबदार खोलीत टांगून तो काही आठवडे बाहेरगावी गेला. परत येऊन बघतो तर पिशव्या आपल्याच वजनाने हँडलपासून सुटून खाली पडल्या होत्या.

या फजितीत उत्तराचा अर्धा भाग होता. आम्लाने फक्त वरची कातडी बदलली होती. आत कच्चे रबर तसेच होते आणि उष्णता आतपर्यंत पोचतेच. पातळ कापडावर ही पद्धत चालून जाई, कारण तिथे सगळा लेपच कातडीइतका असे. जाड पिशवीत ती उघडी पडली. उपाय असा हवा होता, की जो रबराच्या आरपार जाईल.

गंधकाची कल्पना गुडइयरची नव्हती. मॅसॅच्युसेट्समधल्या वोबर्न गावी नॅथनियल हेवर्ड नावाचा माणूस रबरावर गंधकाची पूड शिंपडून ते उन्हात वाळवत असे. त्याने चिकटपणा बराच कमी होई. गुडइयरने त्याची ती पद्धत विकत घेतली आणि फेब्रुवारी १८३९ मध्ये तिचे पेटंट निघाले. पण उन्हाचे कामही पृष्ठभागापुरतेच होते.

त्याच सुमारास वोबर्नमध्ये ती प्रसिद्ध घटना घडली. गुडइयरने स्वतःच पुढे लिहून ठेवले आहे, की टपालाच्या पिशव्यांसाठी वापरलेले मिश्रण उष्णतेने कसे बिघडते हे तो तपासत होता आणि त्याचा एक तुकडा बेसावधपणे गरम शेगडीला लागला. लोक गोष्ट इथेच संपवतात: रबर शेगडीवर पडले आणि शोध लागला. मला यातला पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. तो तुकडा वितळला नाही, तर चामड्यासारखा करपला. जवळच्या माणसांना त्याने तो दाखवला, पण त्यांना त्यात विशेष काही दिसले नाही. रबर जाळण्याचे त्याचे आणखी एक वेड म्हणून त्यांनी सोडून दिले. गुडइयरने विचार असा केला: कच्चे रबर जास्त उष्णतेत पातळ व्हायला हवे, हे करपले, म्हणजे मध्ये कुठेतरी काहीतरी वेगळे घडते आहे. करपण्याच्या अलीकडे योग्य जागी थांबता आले तर? त्याने तसलाच तुकडा विस्तवासमोर धरला. जिथे आच जास्त होती तिथे तो करपला, जिथे आच पोचली नाही तिथे कच्चाच राहिला, आणि या दोन्हींच्या मध्ये, करपलेल्या भागाच्या कडेने, एक अरुंद पट्टी अशी दिसली, की ती करपलीही नव्हती आणि चिकटही नव्हती. तिथे रबर नीट शिजले होते. तुकडा रात्रभर बाहेर थंडीत ठेवला, तरी सकाळी तो लवचीकच होता.

जी उष्णता माल नासवते तीच, आणखी वाढवून आणि गंधकासह दिली, तर माल वाचवते. हे कोणाला तर्काने सुचणे कठीण होते. रबराचा प्रत्येक कारखानदार उष्णतेपासून दूर पळत होता.

त्या अरुंद पट्टीएवढा परिणाम सबंध चादरीभर मिळवायला मात्र गुडइयरला आणखी काही वर्षे लागली. कुठे घरच्या पावाच्या भट्टीत, कुठे ओळखीच्या कारखानदाराच्या बॉयलरच्या वाफेवर तो तुकडे भाजत राहिला. आच असमान मिळाली की एक कोपरा करपे, दुसरा कच्चा राही. रबरात पाण्याचा किंवा विद्रावकाचा अंश उरला असेल तर तापल्यावर त्याची वाफ होऊन फोड येत. अखेर १५ जून १८४४ रोजी त्याला अमेरिकेचे पेटंट मिळाले. त्यात दिलेले प्रमाण साधे आहे: २५ भाग रबर, ५ भाग गंधक, ७ भाग सफेदा, आणि उष्णता सुमारे २७० अंश फॅरनहाइट, म्हणजे १३२ अंश सेल्सियस. सफेदा म्हणजे शिशाचे कार्बोनेट, रंगात वापरतात ते. गुडइयरला तो का उपयोगी पडतो हे माहीत नव्हते. आज आपल्याला कळते, की शिशाची अशी संयुगे गंधकाच्या क्रियेचा वेग वाढवतात. अंदाजाने घातलेल्या त्या पुडीने त्याचे काम बरेच सोपे केले होते.

आता रबरात काय झाले ते पाहू. गंधकाच्या रेणूत आठ अणूंचे कडे असते. ११५-१२० अंशांना गंधक वितळते आणि त्यापुढे ही कडी तुटू लागतात. तुटलेली गंधकाची माळ एका टोकाने एका रबर-साखळीला आणि दुसऱ्या टोकाने शेजारच्या साखळीला जोडली जाते. मध्ये कधी एक-दोन, कधी अनेक गंधकाचे अणू असतात. प्रत्येक साखळीवर दर शे-दोनशे घटकांमागे अशी एखादी गाठ बसली, तरी पुरे. मग सुट्या साखळ्या उरतच नाहीत; बूट असो की टायर, त्यातले सगळे रबर मिळून आरपार बांधलेले एकच जाळे होते. साखळ्या ताणल्या जातात, पण एकमेकींवरून घसरून नव्या जागी बसू शकत नाहीत. त्यामुळे रबर वाहत नाही. त्यांची टोके शेजारच्या तुकड्यात शिरू शकत नाहीत, त्यामुळे ते चिकटत नाही. आणि गाठींमुळे साखळ्यांना ओळीने रचले जाणे अवघड होते, म्हणून हिवाळ्यातला कडकपणाही जातो. गाठी थोड्या असल्याने मधले लांब भाग मोकळेच राहतात आणि लवचीकपणा टिकतो. आम्लाने जे वरवर केले, ते गंधकाने आतून केले.

हेवर्डचे उन्हात वाळवणे अपुरे का पडले, याचा एक हिशेब करता येतो. शंभर भाग रबराला आठ भाग गंधक, दुसरी कसलीही मदत नाही, तर १४० अंश सेल्सियसला रबर शिजायला सुमारे पाच तास लागतात. ढोबळ नियम असा, की तापमान १० अंशांनी उतरले की वेळ दुप्पट होतो. १३० अंशांना दहा तास, १२० ला वीस. असे करत ६० अंशांपर्यंत, म्हणजे कडक उन्हातल्या काळ्या रबराच्या तापमानापर्यंत आलो, की आठ वेळा दुप्पट करावे लागते: १२८० तास, म्हणजे रात्रंदिवस ऊन मिळाले तर साधारण ५३ दिवस. ऊन तर दिवसाकाठी काही तासच मिळणार. हा आकडा काटेकोर नाही, प्रकाशाचा परिणाम त्यात धरलेला नाही. पण गंधक रबरात नुसते मिसळून ठेवल्याने काही का होत नाही, ते त्यावरून कळते.

इंग्लंडमध्ये पुढे जे घडले ते गुडइयरच्या दृष्टीने कडू होते. पैसा उभा करण्यासाठी त्याने न गोठणारे, न चिकटणारे काही नमुने इंग्लंडला पाठवले, कृती न सांगता. त्यांतले काही तुकडे विल्यम ब्रॉकडन या मित्रामार्फत १८४२ मध्ये हॅनकॉकच्या हाती आले. काही तुकड्यांवर पिवळसर पावडर होती. जास्तीचे गंधक कालांतराने रबराच्या पृष्ठभागावर येते, आजही नव्या रबरी वस्तूवर कधी कधी पांढुरकी बुरशीसारखी पूड दिसते ती हीच. हॅनकॉकने वितळलेल्या गंधकात रबराच्या पट्ट्या बुडवून वर्षभर प्रयोग केले आणि नोव्हेंबर १८४३ मध्ये गुडइयरच्या इंग्लिश अर्जाच्या काही आठवडे आधी पेटंटचा दावा दाखल केला. अग्नी आणि ज्वालामुखीच्या रोमन देवाच्या नावावरून ‘व्हल्कनायझेशन’ हे नाव ब्रॉकडनने सुचवले. हॅनकॉक हा उत्तम कारागीर होता आणि प्रयोग त्याने स्वतः केले, यात शंका नाही. पण गंधकाचा माग त्याला नमुन्यांमुळे लागला असणार, असेच मला वाटते.

शिजवण्यात चुकले की काय होते, हे कारखान्यातले लोक बोटाने सांगतात. कच्चे राहिलेले रबर नखाने दाबले की खूण राहते, आणि ताणून थोडा वेळ धरून सोडले की लांबच राहते. जास्त वेळ शिजवले तर नैसर्गिक रबरातल्या गंधकाच्या लांब गाठी पुन्हा सुटू लागतात आणि रबर परत नरम पडते. गंधक फार जास्त, शंभराला तीस-चाळीस भाग घातले, तर गाठी इतक्या दाट बसतात की साखळ्यांना हलायला जागाच उरत नाही. काळे, टणक एबोनाइट मिळते. जुन्या फाउंटन पेनांची नळी त्याचीच असे. कच्चे आणि शिजलेले ओळखायची खात्रीची परीक्षा म्हणजे तुकडा पेट्रोलमध्ये रात्रभर बुडवून ठेवणे. कच्च्या रबराचा विरघळून चिकट द्रव होतो. शिजलेले रबर पेट्रोल पिऊन कितीतरी फुगते, पण विरघळत नाही, कारण सगळे जाळे एकच असते.

पंक्चरवाला ट्यूबवर जे सोल्यूशन लावतो ते असेच विद्रावकात विरघळवलेले रबर. चॅफीला बुडवणारा चिकटपणा तिथे मुद्दाम हवा असतो. टायर कारखान्यातही थर एकमेकांवर बसवताना रबर कच्चेच असते, म्हणून ते चिकटतात; सगळी बांधणी झाल्यावरच टायर गरम साच्यात जातो. एकदा गाठी बसल्या की मात्र रबर वितळवून दुसरी वस्तू ओतता येत नाही. जुन्या टायरांचे ढीग साठतात, त्याचे मोठे कारण हेच.

आणि तिसऱ्या गोष्टीचे काय? ऑक्सिजनचा हल्ला व्हल्कनायझेशनने थांबत नाही. गाठी साखळ्यांना बांधतात, त्यांच्यातल्या दुहेरी बंधांना राखत नाहीत. बहुतेक बंध तसेच शिल्लक असतात. म्हणून कपाटात विसरलेला रबरबँड काही वर्षांनी आधी चिकट होतो, मग कडक होऊन तुटतो. आजच्या रबरात ऑक्सिजन अडवणारी द्रव्ये मिसळतात, पण तीही हळूहळू खर्च होतात. स्वयंपाकघरातली गॅसची रबरी नळी बाहेरून धड दिसली तरी आतून तिचे वय होत असते. तिच्यावर मुदत छापलेली असते. ती संपली असेल, किंवा नळी वाकवल्यावर बारीक चिरा दिसत असतील, तर वाट न पाहता नळी बदला.